‘तपासून सादर करावे’

सरकारी नस्तीवर मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलेला शेरा म्हणजे ‘तपासून सादर करावे’. त्यात राग नसतो, नकार नसतो, होकारही नसतो. साहेबांच्या समोर कागद आला, त्याचं काय करायचं ते पटकन कळलं नाही आणि पुढची बैठक सुरू झाली, एवढाच त्याचा अर्थ. नोकरीत असताना मी असे शेरे झेलले, क्वचित लिहिलेही. आता निवृत्तीनंतर तरुण संशोधकांची पॉलिसी ब्रीफ्स बाहेर पडण्याआधी वाचून देतो. दोन-चार पानांचं टिपण, वाचणारा जिल्हाधिकारी किंवा सचिव, आणि मधे मी, चष्मा पुसत बसलेला.

खालचे अनुभव मुख्यतः एकाच टिपणाच्या निमित्ताने सांगतो. विषय शेततळ्यांचा. मराठवाड्यातला मोसंबीचा एक तालुका. २०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि खंड पडला की पिकाला द्यायचं, हा तिचा मूळ हेतू. प्रत्यक्षात फळबागवाल्यांनी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर घातलं आणि दिवाळीनंतर बोअरचं पाणी उपसून ते भरून ठेवलं. हे थांबावं म्हणून एका संस्थेतल्या मुलीने जिल्हाधिकाऱ्यांसाठी टिपण लिहिलं होतं. हुशार मुलगी, गावं पायी फिरलेली. तरी ते वाचून जिल्हाधिकाऱ्यांना ‘तपासून सादर करावे’ हाच शेरा सुचला असता.

१. समस्येच्या वाक्यात शिफारस आधीच येऊन बसलेली असते.
टिपणाचं पहिलं वाक्य होतं: ‘तालुक्यात शेततळ्यांवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा नाही, ही गंभीर समस्या आहे.’ वाचायला ठाम. पण यंत्रणा नसणं हा कोणाचा त्रास असतो? त्रास होतो तो माणसाला, एका गावात, एका महिन्यात. ‘यंत्रणा नाही’ म्हटलं की उत्तर एकच उरतं, यंत्रणा नेमा. मग खालची तीन पानं त्या उत्तराची वकिली करतात. मी तिला विचारलं, कोणत्या गावांत, कोणाला, कधी? तिने वहीत बघून सांगितलं: काही गावांची पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर मार्चमध्ये आटते, त्याच शिवारातल्या अस्तरीकृत तळ्यांत तेव्हा बोअरचं पाणी असतं, आणि एप्रिलपासून गावाला टँकर लागतो. ही समस्या. ती वहीत होती, टिपणात नव्हती. आता उत्तरं अनेक निघू शकतात: विहिरीभोवतालचा उपसा कमी करणं, तळ्यातलं पाणी गावासाठी घेणं, गावाचा स्रोतच बदलणं. तेव्हापासून मी समस्येचा परिच्छेद तेवढा घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवतो आणि ‘काय करावं?’ असं विचारतो. सगळ्यांकडून एकच उत्तर आलं, तर परिच्छेद उत्तरावरून उलटा लिहिलेला आहे असं समजतो. या उद्योगाला घरात फारसं कोणी तयार होत नाही, ही गोष्ट वेगळी. मला नवल याचं वाटतं की खरी मांडणी नेहमी लहान निघते. अख्ख्या तालुक्याची समस्या मोजक्या गावांची होते, आणि लिहिणाऱ्याला वाटतं की टिपणाचं वजन गेलं. वाचणाऱ्याला मात्र गावांची नावं दिसली की कागदाचं काय करायचं ते उमजायला लागतं.

२. आकडा खरा असतो, त्याच्या जोडीला बसवलेलं वर्ष फसवं असतं.
पाण्याच्या टिपणांत मी आधी दोन सालं शोधतो: कधीपासून आणि कधीपर्यंत. मराठवाड्यात २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दुष्काळाची वर्षं. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्याच वर्षी पुढे पाऊस चांगला झाला. २०१५ आणि २०१६ ची तुलना केली तर त्या काळातली कुठलीही योजना यशस्वी दिसते, गावात नुसता मारुतीचा पार बांधला असता तरी भूजल वर आलं असतं. आमच्या टिपणात हेच उलट्या दिशेने होतं. विहिरींची पातळी २०१६ च्या पावसाळ्यानंतर इतकी, २०१८ च्या पावसाळ्यानंतर इतकी खाली, म्हणून शेततळी दोषी. पण २०१८ मध्ये पाऊसच कमी होता आणि राज्याच्या मोठ्या भागात दुष्काळ जाहीर झाला होता. पातळी तळी नसती तरी उतरली असती, प्रश्न किती जास्त उतरली एवढाच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा तिच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते आणि टंचाईचा अंदाज बांधताना पावसाळ्यानंतरची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी लावून बघते, सोबत पावसाची तूटही धरते. तीच रीत टिपणाने धरावी, एवढं मी सुचवलं. शिवाय शेजारची, तोच पाऊस आणि तोच खडक असलेली पण फारशी तळी नसलेली गावं बाजूला ठेवून बघावी. आपल्या काळ्या पाषाणात तर अर्ध्या किलोमीटरवरच्या दोन विहिरी एकमेकींना ओळख देत नाहीत, मग एका निरीक्षण विहिरीला अख्ख्या शिवाराची साक्ष द्यायला कसं लावणार? हे सगळं केल्यावर निष्कर्ष ‘शेततळ्यांमुळे पातळी घटली’ इथून ‘तळी जास्त असलेल्या गावांत पातळी शेजारच्या गावांपेक्षा अधिक उतरलेली दिसते’ इथे आला. मुलगी हिरमुसली. मला मात्र हे दुसरं वाक्य जास्त धीट वाटतं, कारण कृषी विभागाच्या माणसाने बैठकीत उलटतपासणी घेतली तरी ते जागेवरून हलणार नाही.

३. तालुक्याच्या अंदाजापेक्षा एका तळ्याचा हिशेब जास्त पटतो, आणि तो लगेच तपासताही येतो.
टिपणात ‘बाष्पीभवनाने प्रचंड पाणी वाया जाते’ असं होतं. ‘प्रचंड’ हा शब्द मला दिसला की मी वही काढतो. हा माझा जुना रोग आहे. योजनेतलं मोठं तळं वरून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बाजू एकास एक उताराच्या धरल्या तर तळ २४ बाय २४ चा होतो आणि पाणी मावतं सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ७ मिलिमीटर उडतं असं धरू. भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, म्हणून रोज ६,३०० लिटर. ग्रामीण पाणीपुरवठ्याचा जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटर. म्हणजे एका तळ्यावरून रोज साधारण ११५ माणसांचं पाणी हवेत जातं. मुलीचे डोळे चमकले. पण थांब म्हटलं. एप्रिल-मेमध्ये तळं काठोकाठ भरलेलं असतं का? बाग पिऊन पिऊन ते अर्ध्या खोलीवर आलं असेल, तर पृष्ठभाग २७ बाय २७ चा, म्हणजे ७२९ चौरस मीटर. मग रोजचे ५,१०० लिटर आणि माणसं ९३. टिपणात आम्ही ‘रोज ९० ते ११५ माणसांच्या गरजेइतकं’ असं लिहिलं आणि कंसात तळ्याची मापं दिली, म्हणजे कोणालाही पुन्हा गुणाकार करता येईल. अजून एक गोष्ट मी तिथेच लिहायला लावली. बागेने प्यायलेलं पाणी वाया गेलेलं नाही, त्यातून मोसंबी येते. आणि बोअरमधून न उपसलेलं पाणी सगळंच गावच्या विहिरीत गेलं असतं असंही नाही, काही ओढ्यातून निघून गेलं असतं. हे लिहिल्याने आपली बाजू पडते असं लिहिणाऱ्याला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. वाचणाऱ्याच्या मनात येणारी शंका टिपणात आधीच भेटली की तो पुढचे आकडे सोडवत बसत नाही, मानतो.

४. तीन पर्यायांपैकी दोन बुजगावणी असतात, आणि हे साहेबांना आपल्याआधी कळतं.
टिपणात तीन पर्याय होते. पहिला, आहे तसं चालू देणे. दुसरा, बोअरने तळी भरण्यावर संपूर्ण बंदी. तिसरा, संस्थेची शिफारस. पहिला उघडच नालायक, दुसरा उघडच अशक्य, म्हणून तिसरा घ्या. ही मांडणी नोकरीत मी एवढ्या वेळा पाहिली आहे की पहिले दोन पर्याय मी वाचतच नव्हतो. पर्याय खरा आहे की शेतात उभा केलेला, हे ओळखायला मी एक प्रश्न विचारतो: हा पर्याय निवडणारा शहाणा माणूस तुला ओळखीचा आहे का? ‘आहे तसं चालू द्या’ म्हणणारा शहाणा माणूस तालुक्यात होता, मोसंबी उत्पादक. त्याची झाडं फळावर यायला काही वर्षं गेली, त्यावर कर्ज आहे, एका मे महिन्यात पाणी तुटलं तर बाग जळते आणि पुढचा हंगाम परत येत नाही. त्याच्या बाजूने लिहिल्यावर पहिला पर्याय जिवंत झाला. त्याची किंमतही लिहिता आली: दरवर्षीचे टँकर, आणि बागायतदारांत खोल बोअर मारण्याची चढाओढ. बंदीच्या बाबतीत प्रश्न वेगळा, ती पाळली जाते की नाही हे कोण बघणार? रात्री वीज आल्यावर पंप चालू होतो, तेव्हा तलाठी घरी झोपलेला असतो. मग मधले पर्याय दिसू लागले. नवं अनुदान देताना ज्या तळ्याला पावसाचं पाणी आत येण्याची वाट आहे त्याला आधी प्राधान्य. सार्वजनिक विहिरीच्या आसपासच्या तळ्यांसाठी वेगळी अट. आणि टंचाईत जशी खासगी विहीर अधिग्रहित करतात, तसं विहिरीजवळच्या तळ्यातलं पाणी मोबदला देऊन गावासाठी घेणं. शेवटचा पर्याय आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हता. तो त्या मोसंबीवाल्यानेच सुचवला, ‘भाव बरा द्या, पाणी देतो’ म्हणाला. पर्यायांच्या परिच्छेदात ज्यांचं नुकसान होणार त्यांचा आवाज आणला की कागदाला अडचण होते असं मला वाटायचं. इथे त्यांनीच वाट दाखवली.

५. ज्याच्या टेबलावर कागद जातो, त्याच्या सहीत काय येतं ते आधी बघावं.
शिफारस होती: ‘या योजनेतून प्लास्टिक अस्तरीकरणाचं अनुदान बंद करावं.’ आता मूळ २०१६ च्या योजनेत अनुदान खोदाईसाठी, कमाल ५० हजार रुपये; अस्तर शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने घालायचं. अस्तरीकरणाला मदत मिळत होती ती इतर योजनांतून. म्हणजे जे दिलंच जात नव्हतं ते बंद करायला सांगितलं होतं. आणि समजा दिलं जात असतं, तरी योजनेची अट बदलते ती शासन निर्णयाने, मंत्रालयातून. जिल्हाधिकारी फार तर वर कळवतील. असा कागद वाचून कोणीही सज्जन अधिकारी ‘तपासून सादर करावे’ हेच लिहील, त्याला दुसरं काही लिहिताच येत नाही. म्हणून मी आता प्रत्येक शिफारशीसमोर समासात तीन गोष्टी मागतो: निर्णय कोणाच्या सहीने होतो, कोणत्या कायद्याच्या किंवा शासन निर्णयाच्या आधारे, आणि पैसा कुठल्या लेखाशीर्षातून. या तीन रकान्यांतून गेल्यावर टिपणातल्या अर्ध्या शिफारशी गळून पडल्या. टंचाई आराखडा जिल्हाधिकाऱ्यांच्या हातातला, तिथे अधिग्रहणाची शिफारस बसली. पिण्याच्या पाण्याच्या स्रोताच्या संरक्षणासाठी १९९३ च्या भूजल कायद्यापासून ५०० मीटरच्या परिसराचं भान आहे, त्यामुळे आसपासच्या तळ्यांचा मुद्दा हवेतला राहिला नाही. पावसाच्या पाण्याच्या वाटेची अट मात्र वरच्या पातळीवरची, म्हणून तिला वेगळं, सचिवांच्या नावाचं एक पान केलं. एका टिपणात दोन वाचक कोंबले की दोघांनाही वाटतं हे दुसऱ्यासाठी आहे.

६. वेळ चुकली की चांगलं टिपणही रद्दीत जातं.
मुलीला टिपण एप्रिलमध्ये पाठवायचं होतं, कारण तेव्हा टँकरचे फोटो वर्तमानपत्रांत येतात आणि विषय तापलेला असतो. पण टंचाई आराखडा तीन टप्प्यांचा असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. एप्रिलमध्ये अधिकारी टँकरच्या मंजुऱ्यांवर सह्या करत असतो, त्याला धोरण सुचवणं म्हणजे त्याच्या हातातलं पेन काढून घेणं. हा कागद सप्टेंबरात जायला हवा, पाऊस किती झाला ते दिसू लागलेलं असतं आणि आराखड्याच्या आकडेमोडीला सुरुवात व्हायची असते. कागद वाचला जातो कुठे, याचाही मी विचार करतो. बहुतेक वेळा दौऱ्याच्या गाडीत, फोनवर, दोन गावांच्या मधे. फोनच्या पडद्यावर पहिल्या पाच-सहा ओळी दिसतात. आमच्या टिपणात त्या ओळींत ‘पाणी हे जीवन आहे’ या धर्तीची प्रस्तावना आणि संस्थेचा परिचय होता. ते उचलून शेवटी टाकलं आणि वर आणलं: कोणत्या गावांत विहीर कधी आटते, आपण काय ठरवावं अशी विनंती आहे, कधीपर्यंत, आणि ते न ठरवल्यास काय होतं. तक्ते मला फार आवडतात, वय झालेल्या माणसाची ती करमणूक आहे. तरीही गावांच्या नावांचा एकच तक्ता ठेवला आणि बाकीचे परिशिष्टात पाठवले. गंमत अशी की परिशिष्ट साहेब वाचत नाहीत, पण त्यांचे उपजिल्हाधिकारी वाचतात, आणि खरं ‘तपासून’ तेच सादर करतात. म्हणून परिशिष्टातला हिशेब पहिल्या पानाइतकाच चोख लागतो.

७. परीक्षकाच्या टिपणालाही परीक्षक लागतो.
सुरुवातीला मी समास भरून टाकायचो. ऱ्हस्व-दीर्घ, स्वल्पविराम, एखादा अलंकारिक शब्द, सगळ्यावर शेरा. लिहिणारा त्यातले सोपे शेरे आधी निपटतो आणि दमतो. २०१६ विरुद्ध २०१८ हा प्रश्न तसाच राहतो. आता मी माझा अभिप्राय एका पानात बसवतो आणि त्याचे दोन भाग करतो. पहिला, ‘हे बदलल्याशिवाय पाठवू नये’. त्यात समस्येचं वाक्य, तुलनेची वर्षं आणि सहीचा अधिकार यांपलीकडे सहसा काही येत नाही. दुसरा, ‘पटलं तर बघावं’. भाषा, क्रम, तक्ते हे तिथे. पहिल्या भागातल्या प्रत्येक मुद्द्यापुढे मी सुचवलेलं वाक्य लिहितो, कारण ‘पुरावा कमकुवत आहे’ एवढंच लिहिणं म्हणजे माझ्याकडून त्या मुलीला ‘तपासून सादर करावे’ म्हणणंच झालं. आणि जी गोष्ट मला घरात बसून कळू शकत नाही, ती मी तिच्यावर सोडतो. शिवारात कोणती विहीर कोणत्या बोअरने आटते, हे तिने पायी फिरून पाहिलंय, मी नकाशावर.

टिपण सप्टेंबरात गेलं. अधिग्रहणाच्या शिफारशीवर समासात ‘मान्य, आराखड्यात घ्यावे’ असं आलं. ५०० मीटरच्या परिसरातल्या तळ्यांच्या मुद्द्यावर आलं ‘चर्चा करावी’. मुलीला दुसऱ्या शेऱ्याचं वाईट वाटलं. मी तिला म्हटलं, चर्चेला बसताना मोसंबीवाल्यालाही बोलावून घे, आणि तळ्याच्या मापांचा कागद सोबत ठेव.